बॅग ‘गेली’ म्हणजे नेमकं काय झालं? स्टेशनवरच्या चोरीचा जबाब देताना

संध्याकाळच्या गर्दीत बॅग गमावलेला माणूस स्टेशनवरच्या पोलीस ठाण्यात पोचतो, तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बहुधा हेच येतं: ‘साहेब, माझी बॅग गेली.’ वाक्य खरं असतं, पण त्यावरून पोलिसाला काहीच कळत नाही. बाकावर विसरली तरी बॅग ‘गेली’, कोणी ब्लेड मारून पाकीट काढलं तरी ‘गेली’, आणि खांद्यावरून ओढून कोणी पळालं तरीही ‘गेली’च. कायद्याच्या लेखी मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत गुन्हाच नाही. दुसरी साधी चोरी. तिसरीसाठी १ जुलै २०२४ पासून देशात स्वतंत्र कलम आहे. यातली आपली कोणती, हे आपण पहिल्या पाच-दहा मिनिटांत काय सांगतो आणि समोरचा काय लिहून घेतो यावर बरंचसं ठरतं.

‘जबाब’ हा शब्द पोलीस ठाण्यात दोन अर्थांनी वापरतात, तो घोळ आधी मिटवू. गुन्ह्याची पहिली खबर आपण देतो, ती फिर्याद किंवा फिर्यादी जबाब. तिच्यावरून एफआयआर नोंदवला जातो. त्यानंतर तपासात अधिकारी आपल्याला किंवा साक्षीदारांना विचारून जे लिहून घेतात, तो तपासातला जबाब. हा लेख मुख्यतः पहिल्याबद्दल आहे. दुसरा शेवटाकडे येईल, कारण त्याचा नियम वेगळा आहे आणि लोकांना तो विचित्र वाटतो.

आधी योग्य दारात जाऊ

स्टेशनवर खाकी वर्दीतली दोन दलं असतात. रेल्वे सुरक्षा बल, म्हणजे आरपीएफ, हे केंद्राचं. रेल्वेची मालमत्ता आणि रेल्वे कायद्याखालचे गुन्हे हे त्यांचं मुख्य काम. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, हे राज्याचं पोलीस दल, आणि प्रवाशाची बॅग चोरल्याचा एफआयआर तेच नोंदवतात. चोर आरपीएफच्या जवानाने पकडला तरी गुन्हा दाखल होतो तो लोहमार्ग पोलिसांकडे. मुंबईत त्यांचं स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली अशा मोठ्या स्टेशनांवर ठाणी आहेत. लहान स्टेशनं जवळच्या ठाण्याच्या हद्दीत येतात.

‘ही आमची हद्द नाही, त्या स्टेशनला जा’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. पूर्वी झीरो एफआयआर ही पोलिसांच्या परिपत्रकांतली आणि न्यायालयांच्या निकालांतली गोष्ट होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यायची. नोंद करून कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम त्यांचं. याचा खरा फायदा होतो तो परराज्यात. सुरतला गाडी थांबली असताना बॅग गेली आणि तिथे उतरणं शक्य नव्हतं, तर कल्याणला उतरून, आपल्या भाषेत फिर्याद देता येते.

हरवली, चोरली, हिसकावली, की मारून नेली?

हा सगळा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या भारतीय दंड संहितेत ‘हिसकावणे’ असा वेगळा गुन्हा नव्हता. खांद्यावरची बॅग किंवा गळ्यातली साखळी ओढून नेली, तर पोलीस एकतर साधी चोरी लावत, नाहीतर थेट जबरी चोरी. मधलं काही नीटसं बसत नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ ने ते मधलं घर बांधलं. चोरी करण्यासाठी एखाद्याकडून वस्तू अचानक, झटकन किंवा जोर लावून खेचली, तर तो हा गुन्हा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

कोणी म्हणेल, साध्या चोरीलाही कलम ३०३ खाली ३ वर्षांपर्यंतच कैद आहे, मग फरक काय पडला? बराच पडतो. साध्या चोरीत न्यायाधीश नुसत्या दंडावर सोडू शकतात. हिसकावण्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठा फरक आहे तो रकमेचा. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर साधी चोरी आता अदखलपात्र ठरते. पोलीस एनसी लिहितात, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. हिसकावण्याला अशी किंमतीची अट नाही. बॅगेत जुना फोन आणि सातशे रुपये असले तरी ती खांद्यावरून ओढून नेलेली असेल, तर गुन्हा दखलपात्र आहे.

म्हणून ‘बॅग चोरीला गेली’ एवढंच लिहून सही केली, तर आपण नकळत आपलंच प्रकरण एक पायरी खाली उतरवतो. ‘माझ्या उजव्या खांद्यावरचा पट्टा मागून जोरात ओढला, पट्टा तुटला, मी मागे वळले तेव्हा तो माणूस बॅग घेऊन जिन्यावरून खाली पळत होता’ हे सांगितलं, की कोणतं कलम लागतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

वरची पायरी जबरी चोरीची, कलम ३०९. चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन पळताना मुद्दाम दुखापत केली, अडवून धरलं किंवा तत्काळ इजा करण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. लोकलच्या दारात उभ्या असलेल्याच्या हातावर रुळांलगतच्या खांबाआडून काठीचा फटका मारून मोबाईल पाडायचा, ही मुंबईकरांना ठाऊक असलेली फटका टोळीची पद्धत. तिथे फटका हा चोरीसाठीच मारलेला असतो, त्यामुळे हे कलम डोळ्यांसमोर येतं. पट्टा ओढताना झटापटीत आपलं बोट खरचटलं तर मात्र वाद होऊ शकतो: इजा मुद्दाम केली की ओढाताणीत झाली? तो वाद आपण सोडवायचा नाही. खरचटलं असेल तर सांगायचं, कुठे आणि कशाने ते सांगायचं, आणि वैद्यकीय तपासणी मागायची. वळ दुसऱ्या दिवशी दिसेनासे होतात.

आणखी एक गोष्ट जागेची. प्रवासी गाडीतून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि तिला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फलाट म्हणजे गाडी नव्हे. बॅग डब्यात असताना गेली की उतरून दोन पावलं टाकल्यावर, हे म्हणूनच विचारतात.

आणि सगळ्यात खालची पायरी: ‘गहाळ’. ठाण्यात गर्दी असते, लिहिणारा एकटा असतो, आपल्यालाही घरी जायचं असतं. ‘कार्डं आणि पास परत काढायला दाखलाच हवा ना? मग गहाळ लिहून देतो, पाच मिनिटांत होईल’ असं कोणी समजुतीने सुचवतं आणि आपण हो म्हणतो. त्या दाखल्यावर बँक आणि मोबाईल कंपनी काम करूनही देते. पण गहाळ वस्तूचा चोर नसतो, त्यामुळे तपासही नसतो. महिन्याने तोच फोन एखाद्या टोळीकडे सापडला, तर तो चोरीचा आहे असं म्हणणारा कागद कुठेच नसतो. सोय म्हणून घेतलेला हा दाखला पुढे नडतो. बॅग खरोखर विसरली असेल तरच तो घ्यावा.

एक जबाब, दोनदा लिहिलेला

आता एक प्रसंग घेऊ. तो रचलेला आहे, पण त्यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. परळला नोकरी करणारी, डोंबिवलीला राहणारी एक बाई. बुधवार, संध्याकाळ. दादरला मध्य रेल्वेच्या एका फलाटावरून पुलाचा जिना चढत असताना तिची बॅग ओढून नेली. अर्ध्या तासाने ती ठाण्यात बसली आहे. घाबरलेली आहे, चिडलेली आहे. ती सांगते:

‘आज संध्याकाळी दादर स्टेशनवर गर्दीचा फायदा घेऊन दोन-तीन चोरांच्या टोळीने माझी बॅग चोरली. एकाने मुद्दाम मला अडवलं आणि दुसऱ्याने बॅग पळवली. तो पंचविशीतला होता, निळा शर्ट होता. बॅगेत मोबाईल, पैसे आणि महत्त्वाची कागदपत्रं होती.’

वाचायला ठीक वाटतं. पण बारकाईने विचारलं, तर कळतं की समोरचा मुलगा जिन्यावर अचानक थांबला आणि ती अडखळली, एवढंच तिने पाहिलं. तो चोराचा साथीदार होता हा तिचा अंदाज. ‘दोन-तीन’ हा आकडा तर मैत्रिणीशी फोनवर बोलताना कधीतरी आला आणि चिकटला. निळा शर्ट दिसला तो पाठमोरा. चेहरा बाजूने, क्षणभर. म्हणजे चार वाक्यांत पाहिलेलं, वाटलेलं आणि ऐकलेलं एकत्र कालवलं गेलं आहे.

तोच जबाब नीट विचारत विचारत लिहिला, तर असा होतो:

‘मी वर नमूद पत्त्यावर राहते. आज सायंकाळी ७.२० वाजण्याच्या सुमारास मी दादर स्टेशनच्या मध्य रेल्वेच्या बाजूस, फलाट क्रमांक १० वरून पादचारी पुलावर जाणाऱ्या, कल्याणच्या टोकाकडील जिन्याने वर चढत होते. बॅग माझ्या उजव्या खांद्यावर होती. जिन्याच्या साधारण मध्यावर माझ्या पुढचा मुलगा अचानक थांबला, त्यामुळे मी अडखळले. त्याच वेळी पाठीमागून कोणीतरी बॅगेचा पट्टा जोराने खेचला. पट्टा एका बाजूने तुटला. मी वळून पाहिले असता एक अनोळखी इसम माझी बॅग छातीशी धरून जिन्याने खाली पळताना दिसला. त्याचा चेहरा मला उजव्या बाजूने दिसला. वय अंदाजे २० ते ३०, अंगाने सडपातळ, अंगात गडद निळा किंवा काळा शर्ट. उंची सांगता येणार नाही. मी ओरडले, परंतु गर्दीमुळे तो फलाटावर दिसेनासा झाला. पुढे थांबलेल्या मुलाचा याच्याशी संबंध होता की नाही, हे मला सांगता येत नाही. पळालेल्या इसमास पुन्हा पाहिल्यास मी कदाचित ओळखू शकेन.’

दुसऱ्यात टोळी नाही, राग नाही, आणि ‘सांगता येत नाही’ दोनदा आलं आहे. तरी हाच जबाब जास्त टिकतो. शिंप्याने कापड कापताना शिलाईत थोडं जास्त सोडलेलं असतं, म्हणून कपडा नंतर सैल करता येतो. ‘अंदाजे’, ‘सुमारास’, ‘सांगता येत नाही’ हे जबाबातलं ते सोडलेलं कापड. चेहरा स्पष्ट पाहिल्याचं आज ठासून लिहिलं आणि दोन वर्षांनी न्यायालयात ‘बाजूने, क्षणभर’ असं म्हणालात, तर आरोपीचा वकील पहिला कागद समोर धरतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो: तेव्हा खोटं सांगितलंत की आता?

काही बारीक गोष्टी. फलाट क्रमांकाच्या जोडीला मध्य की पश्चिम, हे लिहिलेलं बरं. डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या १ पासून सुरू व्हायचे. मग ते सलग १ ते १४ झाले. रोजच्या प्रवाशाच्या तोंडात अजून जुने आकडे असतात. ‘चार नंबर’ म्हणालात आणि लिहिणाऱ्याने नवीन चार धरला, तर कॅमेरा पश्चिम रेल्वेचा तपासला जातो. वेळेचंही तसंच. ‘सातच्या सुमारास’ आणि ‘७.२०’ यांत वीस मिनिटांचा फरक, आणि त्या वीस मिनिटांत त्या जिन्यावरून किती माणसं जातात याचा विचार करा. आठवत नसेल तर बाहेरून मोजता येतं: चहाचे पैसे फोनवरून दिले ती वेळ, शेवटचा फोन, उतरलेल्या लोकलची वेळ. कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसच साठवलेलं असतं, त्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी करावी आणि शक्य तर लेखी द्यावी.

‘चेहराच पाहिला नाही, तर फिर्याद देऊन काय होणार?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. तो चुकीचा आहे, कारण अशा प्रकरणांत चोर बऱ्याचदा मालावरून सापडतो. चोरी झाल्यावर लगेचच चोरीचा माल ज्याच्याकडे मिळाला आणि तो आपल्याकडे कसा आला हे ज्याला सांगता येत नाही, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. चेहरा न पाहताही खटला उभा राहतो तो इथे. पण अट एकच: सापडलेली वस्तू तुमचीच आहे हे ठरवता आलं पाहिजे. ते ठरतं ते फिर्यादीतल्या यादीवरून.

आपल्या दादरच्या बाईंनी आधी ‘मोबाईल, पैसे, कागदपत्रं’ सांगितलं होतं. अशा बॅगा रोज शंभर असतील. दुसऱ्या वेळी यादी अशी झाली: मरून रंगाची रेक्झिनची खांद्याची बॅग, आतली चेन बिघडलेली, एक पट्टा पूर्वी काळ्या दोऱ्याने शिवलेला. मोबाईलची कंपनी, मॉडेल, रंग, डाव्या कोपऱ्यात तडा, सिमचा नंबर. तपकिरी पाकीट, त्यात रोख अंदाजे २,३०० रुपये. त्रैमासिक पास. ऑफिसचं ओळखपत्र. एक बँक कार्ड. घराच्या चाव्या. आणि एक स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं.

डबा ती सांगणारच नव्हती. दीडशे रुपयांच्या डब्याची तक्रार काय करायची? पण ओळख पटवायला यादीतली सगळ्यात भक्कम वस्तू तीच. नोटांवर कोणाचं नाव नसतं, रोख रक्कम ‘हीच माझी’ असं कोणालाच सांगता येत नाही. बॅगा कारखान्यातून हजारांनी निघतात. आपल्याकडे लग्नात-मुंजीत भांड्यांवर नावं घालून घेतात, ती इथे बिलापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पूर्वी शिवलेला पट्टाही तसाच. वस्तूची किंमत किती, याआधी तिच्यावर खूण काय, ते सांगा.

मोबाईलची खूण म्हणजे त्याचा आयएमईआय, १५ आकडी क्रमांक. चालू फोनवर `*#06#` दाबलं की दिसतो. फोन गेल्यावर तो खोक्यावर किंवा बिलावर शोधावा लागतो. ठाण्यात असताना तो आठवणार नाही, त्यासाठी फिर्याद अडवून ठेवायची नाही. ‘आयएमईआय नंतर देते’ म्हणायचं. तो मिळाला आणि पोलीस तक्रारीची प्रत हातात असली, की `ceir.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करण्याची विनंती करता येते. सिम आणि बँकेचं कार्ड मात्र फिर्यादीच्याही आधी, कोणाचाही फोन घेऊन, बंद करून टाका. खात्यातून पैसे निघालेच असतील तर १९३० वर कळवा आणि ते फिर्यादीत सांगा. आणि पत्ता लिहिलेलं काहीही चाव्यांसोबत गेलं असेल तर त्या रात्रीच कुलूप बदलायचं बघा.

मग ओळख परेडचं काय?

चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याच्यासाठी ‘पुन्हा पाहिल्यास ओळखू शकेन’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. ते खरं असेल तरच लिहायचं, आणि खरं असेल तर विसरायचं नाही. अनोळखी संशयित पकडला, की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत त्याला उभं करून फिर्यादीला ओळखायला लावतात. ती ओळख परेड. ती पोलिसांनी घ्यायची नसते, सहसा कार्यकारी दंडाधिकारी घेतात.

इथे लोकांकडून एक गोष्ट हमखास घडते. ठाण्यातून फोन येतो, ‘एक जण सापडलाय, येऊन बघून जा.’ किंवा कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, ‘हाच का?’ आपण उत्सुकतेने बघतो. मग परेडमध्ये आपण त्या माणसाकडे बोट दाखवलं, तरी जिन्यावर पाहिलेला ओळखला की फोटोत पाहिलेला, हे कोणालाच सांगता येत नाही. परेडची किंमत तिथेच संपते. अटक केलेल्याचं तोंड काळ्या कपड्याने झाकून का नेतात, असा प्रश्न बातम्या बघताना अनेकांना पडतो. त्याचं एक कारण हेच आहे.

लिहून झाल्यावर, सही करण्याआधी

पोलीस ठाण्यातली भाषा ठरीव असते. ‘समक्ष हजर राहून फिर्यादी जबाब देते की’ पासून सुरुवात, शेवटी ‘अनोळखी इसमाविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे’ आणि ‘माझा जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’. आपण असं बोललो नव्हतो म्हणून बिचकायचं कारण नाही. ‘लबाडीच्या इराद्याने’ हे आपल्या तोंडचं नसलं तरी चालतं. चालत नाही ते एवढंच, की ‘खेचली’ सांगितलं असताना ‘चोरीस गेली’ झालं, ‘बाजूने दिसला’चं ‘स्पष्ट पाहिला’ झालं, किंवा वेळ बदलली. शेवटचं ते ‘मी वाचून पाहिला’ वाक्य तुमच्या सहीने खरं ठरतं, म्हणून खरोखरच वाचा. तोंडी सांगितलेली खबर लिहून घेऊन वाचून दाखवायची, हे कायद्यातच आहे. परराज्यात फिर्याद त्या भाषेत लिहिली गेली, तर वाचून घेणं आणि अर्थ विचारणं आणखी गरजेचं.

सहीनंतर एफआयआरची प्रत तिथेच, फुकट मिळते. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलम असतं. ३०४ च्या जागी ३०३ दिसलं, तर तेव्हाच विचारा. तपासात कलम बदलता येतं, त्यामुळे भांडायची गरज नाही, पण आपण सांगितलेली हकिकत आत नीट आली आहे ना, एवढं बघाच. कायद्याने ऑनलाइन कळवलेली खबरही चालते. मात्र तिच्यावर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, तोवर ती नोंदीवर येत नाही.

लिहूनच घेत नाहीत, असं झालं तर? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यात एक सवलत आणली: ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून ‘आधी चौकशी करू’ हे उत्तर दर वेळी टोलवाटोलवी नसतं. कोणाच्या परवानगीने आणि किती दिवस, हे मात्र विचारता येतं. सरळ नकारच मिळाला, तर तीच हकिकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

‘घरी गेल्यावर आठवलं, आता खोटी पडेन का?’

नाही. फिर्याद म्हणजे विश्वकोश नव्हे, असं न्यायालयांनी पुन्हापुन्हा म्हटलं आहे. बॅगेत चष्माही होता, पळणाऱ्याच्या पायात लाल पट्ट्याची चप्पल होती, असं दुसऱ्या दिवशी आठवलं, तर तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्यायचा. लवकर दिला तर बरं. चष्मा राहून गेला याने कोणी खोटं ठरत नाही. पण पहिल्या दिवशी ‘अनोळखी’ आणि महिन्याने अचानक ‘शेजारच्या गल्लीतला अमुक’ असं झालं, तर ते का, याचं उत्तर द्यावं लागतं.

इथेच तो विचित्र वाटणारा नियम येतो. फिर्यादीवर सही घेतात, पण तपासात नंतर घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. सही नाही म्हणजे काहीतरी लपवाछपवी, असा संशय लोकांना येतो. नियम उलट साक्षीदाराच्या सोयीचा आहे. सही घेतली तर पोलिसांनी लिहिलेल्या शब्दांना तो कायमचा बांधला जाईल. न्यायालयात त्याने शपथेवर सांगितलेलंच खरा पुरावा. हे बिनसहीचे जबाब मुख्यतः त्याच्या साक्षीतली विसंगती दाखवायला वापरले जातात. फिर्यादही, सही असली तरी, स्वतःहून पुरावा नव्हे. ती देणाऱ्याने न्यायालयात उभं राहून सांगावं लागतं. तपासातल्या अशा जबाबासाठी स्त्रियांना, ६० वर्षांवरच्यांना आणि आजारी माणसांना ठाण्यात बोलावून घेता येत नाही, अधिकाऱ्याने त्यांच्या घरी जायचं असतं.

बॅग सापडलीच, तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते, लगेच हातात मिळत नाही. ती परत मिळवायला न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. खटला संपायच्या आत, फोटो आणि पंचनामा करून, हवी तेव्हा हजर करण्याच्या हमीवर वस्तू बहुधा देतात. ती हमी लिहून दिल्यावर फोन विकायचा नाही आणि पट्टाही पुन्हा शिवून घ्यायचा नाही. साक्षीच्या वेळी तो तुटलेलाच दाखवावा लागेल. आणि एफआयआरपासून ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं, असं नव्या संहितेत आहे. काही कळलं नाही, तर गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन विचारायला जायला हरकत नाही.